मागच्या प्रकरणातलं रफू

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीची सप्टेंबर १९३७ मधली पहिली आवृत्ती आणि आज दुकानातून आणलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून पाचवं प्रकरण उघडलं, तर पहिली बरीच पानं ओळीला ओळ जुळतात. बिल्बो नावाचा बुटका, घरकोंबडा नायक डोंगराच्या पोटातल्या अंधाऱ्या बोगद्यात वाट चुकतो. चाचपडताना त्याच्या हाताला एक अंगठी लागते, ती तो खिशात टाकतो. पुढे एका भूमिगत तळ्याकाठी त्याला गॉलम भेटतो. दोघांमध्ये कोड्यांचा सामना ठरतो. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. आणि बिल्बो जिंकला तर? इथे दोन प्रतींच्या वाटा वेगळ्या होतात.

१९३७ च्या प्रतीत गॉलम कबूल करतो की, तू जिंकलास तर मी तुला एक भेट देईन. ती भेट म्हणजे त्याची अंगठी, घातली की माणूस अदृश्य होतो अशी. बिल्बो जिंकतो. गॉलम अंगठी आणायला आपल्या बेटावर जातो, ती सापडत नाही, आणि तो अगदी ओशाळून पुन्हा पुन्हा माफी मागतो. हरवलेली अंगठी आपल्याच खिशात आहे हे बिल्बोच्या लक्षात येतं, पण तो गप्प राहतो. भेट नाही तर निदान बाहेरची वाट दाखव, एवढंच तो म्हणतो. गॉलम वाट दाखवतो आणि दोघं बऱ्यापैकी सलोख्याने निरोप घेतात.

आजच्या प्रतीत पैजेची अट वेगळी आहे. बिल्बो जिंकला तर गॉलमने त्याला बाहेरची वाट दाखवायची, एवढीच. अंगठी पणाला लावलेली नाही. हरल्यावर गॉलम बेटावर जातो तो अंगठी घालून अदृश्य होण्यासाठी आणि मग बिल्बोला मारण्यासाठी. अंगठी नाही म्हटल्यावर त्याला संशय येतो, तो किंचाळत मागे धावतो, आणि शेवटी बिल्बोला चोर ठरवून त्याचा कायमचा वैरी होतो.

हा बदल १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाला. एका लेखकाने चौदा वर्षांपूर्वी छापून गेलेलं प्रकरण का उघडलं, त्यातलं नेमकं काय काढलं आणि काय जपलं, हे पाहण्यासारखं आहे. कारण कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे काम करावं लागतं. पुढच्या प्रकरणात आल्यावर कळतं की मागे आपण असं काही लिहून बसलो आहोत, ज्यामुळे आताचं घडूच शकत नाही. अशा विसंगतीला प्लॉट होल म्हणतात, म्हणजे कथेच्या कापडाला पडलेलं भोक. मागचा प्रसंग सरळ काढून टाकावा, असं पहिल्यांदा वाटतं. पण बहुतेक वेळा तो प्रसंग काढला की त्याच्या आधारावर उभं असलेलं आणखी काहीतरी कोसळतं. अशा वेळी तो प्रसंग ठेवून त्याच्यातच दुरुस्ती करावी लागते.

टॉल्किनपुढची अडचण अशी होती. 'द हॉबिट' मुलांना आवडलं, प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, आणि डिसेंबर १९३७ मध्ये त्यांनी तो लिहायला घेतला. दोन पुस्तकांना जोडणारा दुवा म्हणून ती अंगठी सोयीची होती. पण लिहिता लिहिता अंगठीचं रूप पालटलं. पहिल्या पुस्तकात ती एक उपयोगी जादूची वस्तू होती, नव्या पुस्तकात ती धारण करणाऱ्याचं मन पोखरणारी शक्ती झाली. ज्याच्याकडे ती बराच काळ राहते त्याला ती स्वखुशीने सोडवत नाही, हा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पायाच बनला. मग प्रश्न आला की, शतकानुशतकं ती अंगठी जवळ बाळगणारा गॉलम ती एका खेळात पणाला लावेल कसा? आणि हरल्यावर ती देता येत नाही म्हणून माफी कसा मागेल?

सुटकेचे मार्ग दोन दिसत होते आणि दोन्ही महागडे होते. नव्या पुस्तकातली अंगठी सौम्य करायची, म्हणजे नव्या पुस्तकाचा कणाच मोडायचा. किंवा जुन्या पुस्तकातली कोड्यांची भेट उडवायची. पण त्या भेटीशिवाय बिल्बोकडे अंगठी येत नाही, आणि अंगठीशिवाय पुढे तो कोळ्यांशी झुंजू शकत नाही की साथीदारांना कैदेतून सोडवू शकत नाही. टॉल्किन यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी प्रसंग तसाच ठेवला आणि त्यातल्या एका माणसाचा हेतू बदलला.

ही दुरुस्ती किती मोजकी आहे ते पाहा. अंधारात अंगठी सापडणं तसंच आहे. कोडी तीच आहेत. खिशात काय आहे ते ओळख, हा बिल्बोचा शेवटचा, खरं तर नियमात न बसणारा प्रश्न तोच आहे. गॉलमचं बेटावर जाणं आणि रिकाम्या हाताने परतणंही आहे. शेवटी बिल्बो डोंगराच्या मागच्या दाराशी पोचतो आणि निसटतो, त्यामुळे पुढचं प्रकरण जिथे सुरू व्हायचं तिथेच सुरू होतं. बदलली ती पैजेची अट आणि गॉलमच्या मनातली इच्छा. अट आणि इच्छा बदलल्यावर मधली पानं नव्याने लिहावी लागली, पण प्रसंगाची दोन्ही टोकं होती त्याच जागी राहिली.

रफूगार हेच करतो. भरजरी शालूला भोक पडलं तर तो बाहेरचा दोरा आणत नाही. त्याच शालूच्या आतल्या काठातून, दुमडलेल्या भागातून धागा काढतो आणि भोकाभोवतीच्या वीणीत तो उभा-आडवा गुंफतो. बाहेरून ठिगळ लावलं तर भोक झाकतं, पण नजर नेमकी तिथेच जाते. गॉलमचा राग, त्याचं एकटेपण, अंगठीवरचा त्याचा जीव हे सगळे धागे पहिल्या आवृत्तीत पुसट का होईना होतेच. टॉल्किन यांनी तेच धागे ओढून घट्ट केले.

आणि विणता विणता त्यांनी एक असा क्षण घातला, जो जुन्या प्रतीत नव्हता. नव्या प्रकरणात अदृश्य बिल्बो गॉलमच्या मागून चालत दारापर्यंत येतो. गॉलम वाट अडवून बसतो. बिल्बोच्या हातात तलवार आहे, एका वारात काम होईल. पण त्या दीनवाण्या जिवाची त्याला कणव येते, आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. पहिल्या प्रतीत गॉलम स्वतःच वाट दाखवत होता, त्यामुळे त्याला मारावं की सोडावं हा प्रश्नच उठत नव्हता. पुढच्या पुस्तकात गँडाल्फ हा जादूगार फ्रोडोशी बोलताना याच कणवेकडे बोट दाखवतो, आणि तिसऱ्या खंडात अंगठी नष्ट होते ती गॉलम जिवंत असल्यामुळे. दुरुस्त केलेला प्रसंग आता मोठ्या कथेचा भार उचलू लागला.

टॉल्किन यांनी १९४७ मध्ये इतर किरकोळ दुरुस्त्यांसोबत हे नवं प्रकरण नमुना म्हणून प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांच्याकडे पाठवलं होतं. छापायचं हे पक्कं झालं असं त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. १९५० मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली, तेव्हा तो मजकूर त्यात घातलेला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं. मग त्यांनी तो स्वीकारला. पण आता दुसरा प्रश्न होता. जुन्या प्रती लोकांच्या घरात होत्या. तिथला सौम्य गॉलम पुसणं कुणाच्याच हातात नव्हतं.

इथे त्यांनी जे केलं ते या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत शहाणपणाचं काम. जुनी हकिकत खोटी होती, पण ते खोटं लेखकाचं नव्हे, बिल्बोचं, असं त्यांनी ठरवलं. अंगठीवर आपला रीतसर हक्क आहे हे दाखवण्यासाठी बिल्बोने 'ती मला भेट मिळाली' अशी गोष्ट रचली आणि आपल्या टिपणातही तीच लिहिली. गँडाल्फला ती पटली नाही, त्याने खोदून खोदून खरं काढलं. एरवी सरळ असलेला माणूस या एकाच बाबतीत खोटं बोलला, यावरूनच अंगठीचा विषारी परिणाम पहिल्या दिवसापासून सुरू झाला होता हे कळतं. हा खुलासा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेत आहे, आणि कथेतही एका मोठ्या सभेत बिल्बो खरी हकिकत सांगून पूर्वीच्या सांगण्याबद्दल क्षमा मागतो. ज्याच्या घरी १९३७ ची प्रत आहे, त्याच्या हातात आता बिल्बोची खोटी साक्ष आहे. जी चूक होती तीच कथेतला पुरावा झाली.

हे झालं एका मोठ्या लेखकाचं काम. हस्तलिखित अजून टेबलावरच असताना, काही छापलेलं नसताना हीच दुरुस्ती कशी करायची ते पाहण्यासाठी एक छोटं कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, वाईतल्या एका वाड्याभोवती फिरणारी कादंबरी आहे. तिसऱ्या प्रकरणात दसऱ्याच्या दिवशी सुलभा माळ्यावरची पेटी उघडते. आत आजोबांची मोडीतली पत्रं निघतात. तिला मोडीचं अक्षरही येत नाही, म्हणून ती पत्रं घेऊन शेजारच्या बापूकाकांकडे जाते. नव्वदी ओलांडलेले बापूकाका शाळेत मोडी शिकलेले आहेत. ते पत्र वाचून सांगतात, 'काही नाही गं, धान्याचा हिशेब आहे.' पुढे चौदाव्या प्रकरणात, दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री, सुलभा एकटी बसून तेच पत्र वाचते आणि वाड्याचा खरा वारस कोण ते तिला कळतं. चौदावं प्रकरण लिहून झाल्यावर लेखिकेच्या लक्षात येतं की, हिला मोडी वाचता येतच नाही.

पहिलं काम म्हणजे भोक एका वाक्यात लिहून काढणं: 'चौदाव्या प्रकरणात सुलभा मोडी वाचते, तिसऱ्याप्रमाणे तिला ती येत नाही.' असं लिहिलं की दोन टोकं दिसतात आणि कुठलं टोक हलवायचं ते ठरवता येतं. चौदावं बदलून दुसऱ्या कुणाकडून पत्र वाचून घेतलं, तर त्या रात्रीचं एकटेपण जातं आणि कादंबरीचा कळसच बोथट होतो. म्हणजे तिसरं हलवायला हवं.

दुसरं काम, तिसरं प्रकरण कशाकशाला आधार देतं त्याची यादी. सुलभा आणि बापूकाकांची ओळख तिथे होते. पेटी तिथे उघडते. बापूकाकांचं खोटं तिथे पेरलं जातं. यातलं काहीही गमावून चालणार नाही, म्हणून प्रकरण काढण्याचा प्रश्नच मिटला. मग संपूर्ण हस्तलिखितात 'मोडी', 'पेटी', 'पत्र', 'बापूकाका' हे शब्द शोधून प्रत्येक जागेची नोंद करायची. संगणकावर हे काम काही मिनिटांचं आहे, कागदावर एका बैठकीचं. पण इथे आळस केला की दुरुस्तीतूनच नवी भोकं पडतात. सहाव्या प्रकरणात सुलभा भावाला 'मला यातलं ओ की ठो कळत नाही' असं म्हणून गेलेली असते आणि ते वाक्य तसंच राहून जातं.

तिसरं काम म्हणजे कमीत कमी बदल शोधणं. सोपा उपाय असा की, चौदाव्या प्रकरणात एक वाक्य टाकायचं: 'लहानपणी आजोबांनी तिला मोडी शिकवली होती.' हे ठिगळ. गरज पडली त्याच क्षणी आलेली माहिती वाचकाला लेखकाची सोय म्हणूनच दिसते, आणि मग ती बापूकाकांकडे गेलीच कशाला, हा प्रश्न उभा राहतो. त्याहून बरं म्हणजे 'येत नाही' याची पातळी थोडी सरकवणं. मोडीतले आकडे जवळपास देवनागरीसारखेच असतात. म्हणजे तिसऱ्या प्रकरणातही सुलभाला पत्रातला आकडा वाचता येईल. ती वाचते, '१८६०', आणि थक्क होते, एवढं जुनं पत्र! बापूकाका हसतात. 'अगं, हा शक. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळव.' म्हणजे १९३८. आजोबा तेव्हा तरुण होते.

या तीन ओळींनी बरंच साधलं. सुलभा या कागदाला अगदीच परकी नाही हे कळलं. तिला कुतूहल आहे हे दिसलं. बापूकाका प्रेमाने शिकवणारे आहेत असं वाटलं, त्यामुळे त्यांच्या खोट्याचा संशय आणखी कमी झाला. आणि वाचकाचं लक्ष मोडीकडे न जाता सालाच्या गमतीकडे गेलं. मागच्या प्रसंगात घातलेल्या माहितीला स्वतःचं दुसरं काहीतरी काम असलं पाहिजे. तिथल्या तिथे ती हसवत असेल, माणूस उलगडत असेल किंवा भांडण पेटवत असेल, तर ती पुढच्यासाठी पेरलेली आहे असा वास येत नाही.

पण आकडे वाचण्यापासून पत्र वाचण्यापर्यंतची मजल मोठी आहे. मोडीत आधी वर आडवी रेघ ओढतात आणि खाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. मुळाक्षरं घोकून लवकर येतात, पण माणसाचं धावतं हस्ताक्षर लागायला सराव हवा. दसरा ते दिवाळी जेमतेम तीन आठवडे. एवढ्यात सुलभा पत्र वाचणार नाही. म्हणून तिसरं प्रकरण गणपतीवर न्यायचं. गणेश चतुर्थीपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत सुमारे आठ आठवडे मिळतात. मधल्या सहाव्या आणि नवव्या प्रकरणात दोन छोट्या जागा करायच्या. एकीत ती बापूकाकांकडून वहीत अक्षरं गिरवून घेते आहे, दुसरीत देवळाच्या जुन्या वहीतलं एक नाव स्वतः वाचून आनंदते आहे. प्रत्येकी पाच-सात ओळी पुरतात.

सण हलवला की त्याच्यासोबत बरंच काही हलतं, आणि दुरुस्ती करणारे इथेच चुकतात. दसऱ्याची आपट्याची पानं जातील, हे लगेच सुचतं. पण तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सुलभा रात्री अकराला गच्चीवर चांदण्यात उभी असते. दसऱ्याला शुद्ध दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतरही असतो, चतुर्थीचा मात्र रात्र पडल्यावर थोड्या वेळात मावळतो. शिवाय त्या दिवशी चंद्र पाहू नये असा आपल्याकडे संकेत आहे. म्हणजे चांदणं काढायला हवं. भाद्रपदात वाईत पाऊस असतो, कृष्णेला पाणी असतं, म्हणून गच्ची ओली हवी आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली हव्यात.

टॉल्किन यांनाही चंद्रानेच अडवलं होतं. १४ मे १९४४ रोजी त्यांनी आपला मुलगा ख्रिस्तोफर याला लिहिलेल्या पत्रात ही अडचण सांगितली आहे. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पात्रांच्या प्रकरणांत त्याच दिवसांचा चंद्र एकमेकांशी जुळत नव्हता, एका मुलखात उगवत होता त्याच वेळी दुसऱ्यात मावळत होता. मागच्या प्रकरणांतले तुकडे पुन्हा लिहिण्यात त्यांची एक अख्खी दुपार गेली. कुठलंही प्रकरण त्यांनी यासाठी फेकलं नाही, आभाळ तेवढं जुळवून घेतलं. तिथी, वार, हवा आणि प्रवासाला लागणारा वेळ यांचा एक तक्ता हस्तलिखिताशेजारी ठेवला, तर ही दुपार वाचते.

आता बापूकाका. सुलभा मोडी शिकते आहे हे त्यांना माहीत असेल, तर त्यांचं खोटं कधीही उघडं पडू शकतं. मग ते पत्र तिच्याकडे राहूच कसं देतील? दुरुस्तीने हा नवा प्रश्न उभा केला, आणि तो दडपण्यापेक्षा ऐकून घेतलेला बरा. तिसऱ्या प्रकरणात एक ओळ बदलायची: काका पत्र ठेवून घेतात, 'कागद नाजूक आहे, माझ्या कपाटात नीट राहील.' तिथे ती काळजी वाटते. नवव्यात सुलभा पत्र मागते आणि काका विषय बदलतात. तेराव्यात ते आजारी पडतात, सून कपाट आवरते आणि पत्र घरी परत येतं. अमावास्येच्या रात्री सुलभा ते उघडते, तेव्हा वारसाबरोबरच आणखी एक गोष्ट तिच्या हाती लागते, ती म्हणजे ज्यांनी तिला हे अक्षर शिकवलं, तेच तिच्याशी खोटं बोलले होते. पहिल्या लेखनात हे दुःख नव्हतं. भोक बुजवताना ते सापडलं.

आणि चौदाव्या प्रकरणातही थोडा हात फिरवावा लागतो. आठ आठवड्यांत शिकलेली मुलगी अस्खलित वाचणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. एका जागी ती 'सूत' असं वाचते, हिशेबच असावा असं क्षणभर वाटून खाली ठेवायला जाते, पुन्हा उचलते, मागचं वाक्य जुळवते, आणि तिच्या लक्षात येतं की तो शब्द 'सुत' आहे, मुलगा. वाचता न येण्यातूनच उलगडा झाला. तिसऱ्या प्रकरणातली अडचण पुसली नाही, ती शेवटपर्यंत बरोबर आली.

दुरुस्ती जमली की नाही ते लेखकाला स्वतःला कळत नाही, कारण धागा कुठे घातला ते त्याला ठाऊक असतं. त्यासाठी कादंबरी आधी न वाचलेल्या एखाद्या माणसाला पहिल्या प्रकरणापासून वाचायला द्यावं, दुरुस्तीबद्दल अवाक्षर न काढता. तिसरं संपल्यावर विचारावं, पुढे काय होईलसं वाटतं? ही पत्र स्वतः वाचणार, असं तो म्हणाला तर रफू जाड झालं, दोन ओळी कापाव्या. चौदाव्यात तो थबकून 'हिला हे येतं कसं?' असं म्हणाला तर रफू विरळ राहिलं, नवव्यात आणखी एक खूण हवी. शेवटी त्याला मागचं आठवून 'हां, ती वही!' असं वाटलं पाहिजे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. जो प्रसंग केवळ त्या चुकीच्या गोष्टीसाठीच लिहिला होता आणि ज्याच्यावर पुढे काहीच टेकलेलं नाही, तो काढावाच. तिथे रफू करणं म्हणजे फडक्यावर जर भरणं. क्रमशः छापून येणाऱ्या कादंबरीत ही वाट बंदच असते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत. छापून गेलेला हप्ता वाचकाच्या हातात पडला की तो बदलता येत नाही. अशा वेळी उरते ती बिल्बोच्या खोट्याची वाट, म्हणजे जुन्या मजकुराला नवा अर्थ देणं, आणि तीही त्या माणसाला खोटं बोलायला खरं कारण असेल तरच. आर्थर कॉनन डॉयल यांच्या डॉ. वॉटसनची युद्धातली जखम १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, १८९० च्या दुसरीत पायाला. ती तशीच राहिली, आणि शेरलॉक होम्सचे चाहते आजही तिचे खुलासे शोधत असतात.

आणखी एक मर्यादा टॉल्किन यांच्याच कामात दिसते. १९६० मध्ये त्यांनी सगळं 'हॉबिट' पुन्हा लिहायला घेतलं. अंतरं, दिवस, वाटा, भाषेचा सूर, सगळंच मोठ्या कादंबरीशी जुळवायचं होतं. सुरुवातीच्या काही प्रकरणांनंतर त्यांनी ते सोडून दिलं. ते अपुरं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचलं की सोडून देण्याचं कारण कळतं. अंतरं जुळतात, पण मुलांना अंथरुणात वाचून दाखवायच्या गोष्टीतला खोडकर निवेदक गप्प होतो. पाचव्या प्रकरणात एक भोक होतं आणि तेवढंच त्यांनी विणलं, म्हणून तिथे पुस्तक वाचलं. १९६० मध्ये अख्खं कापड उसवायला घेतलं, आणि ते आपलं पहिलं कापड उरत नाही हे त्यांना वेळीच दिसलं.

आजच्या प्रतीतलं पाचवं प्रकरण वाचताना कुठे जुनी वीण संपली आणि कुठे १९४७ चा धागा सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. ते पाहायचं तर शेजारी जुनी प्रत उघडी ठेवावी लागते. सुलभाच्या कादंबरीची जुनी प्रत मात्र लेखिकेच्या कपाटातच राहील. वाचकाला माहीत असेल ती फक्त वहीत गिरवलेली अक्षरं, काकांनी मिळवायला सांगितलेले अठ्ठ्याहत्तर, आणि अमावास्येच्या रात्री 'सूत'चा झालेला 'सुत'.